तिसरीच्या वर्गातला कचरा: घरचा तक्ता आणि वर्गातली मोजणी

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेतल्या तिसरीच्या वर्गाचं हे प्रकरण. वर्गात 34 मुलं. निम्मी आजूबाजूच्या सोसायट्यांमधली, निम्मी जवळच्या वस्तीतली. परिसर अभ्यासाच्या तासाला धरून वर्गाच्या बाईंनी दोन महिन्यांचा प्रकल्प घेतला. घरी कचरा वेगळा करण्याचा एक तक्ता आणि वर्गातल्या कचरापेटीची अधूनमधून मोजणी, एवढाच त्याचा आराखडा होता. शिक्षकांच्या प्रकल्पांना मदत करण्याच्या निमित्ताने मी या वर्गात नियमित जात होते. सगळे तक्ते आणि मोजणीचे कागद मला बघायला मिळाले. शाळेचं आणि कुणाचंही नाव इथे देत नाही.

असे प्रकल्प पुण्यात अनेक शाळांत होतात. त्यातून बहुतेक वेळा एक छान फलक तयार होतो: हिरवा डबा, निळा डबा, त्यावर चिकटवलेली केळ्याची साल आणि बाटलीचं चित्र. या वर्गात वेगळं घडलं, कारण बाईंनी तक्ता आणि मोजणी एकमेकांसमोर ठेवली. घरचा तक्ता एक सांगत होता आणि वर्गातली पेटी दुसरंच सांगत होती. त्या दोघांमधल्या फरकातून पुढचं सगळं शिकणं झालं.

पेटी जमिनीवर ओतली तेव्हा

काहीही शिकवण्याआधी पहिली मोजणी झाली, आणि हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ओला-सुका शिकवलं की मुलं त्या दिवशी शहाण्यासारखी वागतात आणि खरी सुरुवात कुठून झाली ते कधीच कळत नाही. बाईंनी एका गुरुवारी दिवसभराचा कचरा नेहमीसारखा एकाच पेटीत जमू दिला. शेवटच्या तासाच्या आधी तो त्यांनी स्वतः चिमट्याने चाळला. शार्पनरचं सुटलेलं पातं आणि तुटलेल्या पट्टीचा टोकदार तुकडा बाजूला काढला. मग मागच्या व्हरांड्यात जुनी ताडपत्री अंथरून पेटी ओतली. सहा मुलं हातमोजे घालून वेगळं करणार, चौघं वजन करणार, दोघं लिहिणार, बाकीचे गोल बसून मोजणार अशी कामं वाटली होती. शालेय पोषण आहाराची उरलेली खिचडी वेगळ्या पिंपात जाते, त्यामुळे ती या मोजणीत नव्हती. पेटीत होता तो छोट्या सुट्टीतला खाऊ आणि दिवसभराचा बाकी कचरा.

ओतण्याआधी बाईंनी विचारलं, "सगळ्यात जास्त काय निघेल?" 26 हात प्लास्टिकला वर गेले. मुलांनी हे भिंतीवरच्या चित्रांत पाहिलेलं असतं, त्यात नवल नाही.

निघालं ते असं. कागद 46 तुकडे, वेफर्स-बिस्किटांची वेष्टणं आणि इतर प्लास्टिक 38, पोळीचे तुकडे-भाजी-केळ्याची सालं असं खाण्याचं 19, आणि तुटकी पेनं, चिकटपट्टीचे गोळे वगैरे 9. पेन्सिलची सालं मोजता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे ती फक्त वजनात धरली. मग घरून आणलेला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. त्यावर रिकामं टोपलं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग टोपल्यात कचरा टाकायचा, हे मुलांनी आदल्या दिवशी डस्टर आणि कंपासपेटी तोलून शिकून घेतलं होतं. खाण्याचं भरलं 480 ग्रॅम, कागद 210, प्लास्टिक 70, पेन्सिलची सालं 60 आणि उरलेलं 40. एकूण 860 ग्रॅम.

म्हणजे नग मोजले तर खाणं तिसऱ्या क्रमांकावर, आणि तोललं तर सगळ्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त. तिसरीच्या मुलांना शेकडेवारी येत नाही, आणि ती करायची गरजही नसते. बाईंनी चौकटीच्या कागदावर दोन चित्रालेख शेजारी शेजारी काढायला लावले. पहिल्यात एक चौकट म्हणजे एक वस्तू, दुसऱ्यात एक चौकट म्हणजे दहा ग्रॅम. पहिल्यात कागदाची पट्टी सगळ्यात उंच, दुसऱ्यात खाण्याची. एक मुलगी कितीतरी वेळ दोन्ही कागद पाहत होती. मग म्हणाली, "बाई, यातलं खरं कोणतं?" बाईंनी उत्तर दिलं नाही, प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. दोन्ही खरं असतं. गाडी, पोतं आणि खताचा खड्डा यांच्यासाठी वजन महत्त्वाचं. हाताने एकेक वस्तू निवडणाऱ्या माणसासाठी नग महत्त्वाचे, कारण 38 वेष्टणं म्हणजे 38 वेळा वाकणं. पण आठ वर्षांच्या मुलीने हा प्रश्न स्वतःहून विचारणं, यासाठीच मोजणी करायची असते.

आणखी एक नोंद त्याच दिवशी झाली आणि ती पुढे सगळ्यात कामाची ठरली. 46 कागदांपैकी 17 भाजीच्या रसाने भिजलेले किंवा तेलकट होते. ते कागद पेटीत पडले तेव्हा कोरडे होते, पेटीत आल्यावर खराब झाले. वस्तू अमुक प्रकारची आहे एवढ्यावर तिचं पुढचं भवितव्य ठरत नाही. ती कशाच्या शेजारी पडली त्यावर ठरतं.

बरोबरच्या खुणांनी भरलेला तक्ता

त्याच आठवड्यात घरी पहिला तक्ता गेला. नमुना तयार मिळालेला होता. सात दिवस, तीन रकाने: ओला, सुका, घातक. त्या दिवशी कचरा वेगळा केला असेल तर बरोबरची खूण, खाली पालकांची सही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतली तीन प्रकारांची विभागणी त्यात सरळ उतरवली होती.

31 तक्ते परत आले. त्यातल्या 24 मध्ये एकवीसच्या एकवीस खुणा बरोबरच्या. बऱ्याच तक्त्यांत सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत, मोठ्यांच्या हाताने केलेल्या दिसत होत्या. काही घरांत तर "घातक" या रकान्यातही रोज खूण होती. रोज घातक कचरा निघणारं घर विरळाच. लोक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. तक्त्याने विचारलं होतं, "तुम्ही चांगले आहात का?" आणि घरांनी "हो" म्हटलं. सही मागितली की तो शाळेचा कागद होतो, आणि शाळेच्या कागदावर कोण कशाला चूक लिहील?

तक्ता वाईट आहे हे कसं ओळखायचं? माझ्या मते दोन खुणा पुरेशा आहेत. सगळ्या घरांची उत्तरं सारखी येतात, आणि त्या उत्तरांवरून दुसऱ्या दिवशी वर्गात बोलण्यासारखं काही निघत नाही. इथे दोन्ही झालं.

दुसरी अडचण जागेची होती. वस्तीतल्या एका मुलाने सांगितलं, "आमच्याकडे दोन डबे ठेवायला जागा नाही." दहा बाय दहाच्या खोलीत मोरीच्या शेजारी एक झाकणाची बादली राहते, तीच मुश्किलीने. तयार नमुन्यांत तीन रंगांचे तीन डबे काढलेले असतात आणि ज्या घरात ते नाहीत त्या मुलाला पहिल्याच दिवशी आपण कमी पडलो असं वाटतं. या मुलाच्या घरी शेवटी जमलं ते असं: ओल्यासाठी तीच बादली, सुक्यासाठी दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली तांदळाची रिकामी पिशवी. सुका कचरा कोरडा असेल तर तो कुठेही टांगता येतो. वास येत नाही, मुंग्या येत नाहीत. वास यायला लागला तर तो कोरडा नाही, एवढं ओळखायला डब्याचा रंग लागत नाही.

नवा तक्ता

बाईंनी तक्ता मुलांना बरोबर घेऊन बदलला. वर तीन प्रश्न, खाली रकाने. प्रश्न क्रमाने विचारायचे आणि पहिलं "हो" आलं की थांबायचं.

पहिला प्रश्न: याला मी हात लावायचा नाही असं आहे का? फुटकी काच, ब्लेड, सुई, औषधं, सेल, बल्ब, डायपर आणि कागदात गुंडाळून लाल ठिपका काढलेला पुडा. हे सगळं मोठ्यांचं काम. लाल ठिपका हा पुण्यातल्या घरांना ओळखीचा आहे. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची, म्हणजे कचरा निवडणाऱ्या बाईला पुडा उघडून बघावा लागत नाही. तिसरीच्या मुलांना आत काय आहे हे सांगत बसायची गरज बाईंना वाटली नाही. "लाल ठिपका दिसला की हात मागे" एवढं पुरलं, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरा प्रश्न: हे जेवणातलं किंवा झाडाचं आहे का? असेल तर ओला. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, वाळकी फुलं सगळं यात.

तिसरा प्रश्न उरलेल्या सगळ्यासाठी: हे रिकामं आणि कोरडं आहे का? असेल तर सुका. नसेल तर रिकामं करायचं, विसळायचं, वाळवायचं आणि मग सुक्यात टाकायचं. विसळायला नळाचं ताजं पाणी घ्यायचं नाही, भांडी विसळलेलं शेवटचं पाणी चालतं. तेलकट कागद मात्र विसळून काही उपयोग नाही. तो कागद म्हणून परत वापरात येत नाही, म्हणून फाडून ओल्यात.

तयार तक्त्यांमध्ये कागद, प्लास्टिक, धातू, काच अशी पदार्थांची यादी असते. मुलं ती पाठ करतात, पण हातात चटणी लागलेलं वेष्टण आलं की यादी उपयोगी पडत नाही. प्रश्न उपयोगी पडतात.

रकाने चार केले. आज घरचा कचरा कोण घेऊन गेलं: कचरा गोळा करणाऱ्या ताई, घंटागाडी की सोसायटीचा खतखड्डा. कचरा देण्याआधी चुकीच्या ठिकाणी किती वस्तू सापडल्या, तो आकडा. पण त्यासाठी मुलांनी डब्यात हात घालायचा नाही, मोठ्यांनी वरवर बघून सांगायचं. आजची शंकेची वस्तू, चित्र काढून किंवा नाव लिहून. आणि घरात काय ठरवलं. सहीचा रकाना काढून टाकला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शून्य लिहिणाऱ्याला शाबासकी नाही आणि पाच लिहिणाऱ्याला बोलणं नाही, हे बाईंनी मुलांना आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर, दोन्हीकडे स्पष्ट सांगितलं. शून्याला तारा दिला असता तर आठवड्याभरात सगळीकडे शून्यच आली असती.

29 तक्ते परत आले. सलग शून्य असलेले फक्त तीन. पण खरा ऐवज शंकेच्या वस्तूंच्या रकान्यात होता. नारळाची करवंटी. थर्माकोलचा तुकडा. देवाच्या हारातला दोरा. दुधाची पिशवी. औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. आजीने काढलेला केसांचा गुंता. अशा वस्तूंची वर्गात एक भिंत झाली आणि रोज दहा मिनिटं एकेक वस्तू बोलायला घ्यायची असं ठरलं.

हाराचा दिवस मला चांगला आठवतो. एका मुलाने घरी उतरवलेला झेंडूचा हार आणला. सगळ्यांचं एकमत: निर्माल्य म्हणजे ओला. बाईंनी हार कात्रीने कापला आणि फुलं दोऱ्यावरून ओढून काढायला लावली. हातात राहिला तो नायलॉनचा दोरा, मध्ये मध्ये गुंफलेली चमकीची पट्टी आणि शेंड्याला तारेचा आकडा. फुलं पंधरवड्यात काळी पडून विरघळायला लागतात, दोरा तसाच राहतो आणि खत चाळताना बोटांना गुंडाळतो. सोसायटीत कचरा बारीक करणारं यंत्र असेल तर त्याच्या पात्यांतही असे दोरे अडकतात. एकाच वस्तूत तीन वस्तू असू शकतात हे त्या दिवसानंतर मुलांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

करवंटीवर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही, आणि बाईंनी ते होऊ दिलं नाही. ती झाडाची आहे, पण घरच्या खताच्या टोपलीत महिनोन् महिने तशीच पडून राहते. अशा वस्तूला एकच उत्तर नसतं. ती कोण घेऊन जातं आणि पुढे तिचं काय करतं, त्यावर उत्तर ठरतं. म्हणून पहिला रकाना "कोण घेऊन गेलं" हा होता, आणि मुलांनी त्या त्या माणसाला विचारून यायचं होतं.

ताई वर्गात आल्या

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचं बरंच काम कचरावेचकांच्या "स्वच्छ" या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि "स्वच्छ" तिच्यातूनच उभी राहिली. घरांकडून मिळणारं मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातल्या विकाऊ मालाचे पैसे, असं त्यांचं उत्पन्न असतं. म्हणजे आपण ज्याला सुका कचरा म्हणतो तो त्यांचा माल असतो, आणि भाजीने भिजलेली रद्दी म्हणजे त्यांच्या खिशाला बसलेला फटका.

शाळेच्या गल्लीत काम करणाऱ्या एक ताई तासाभरासाठी वर्गात आल्या. बाईंनी त्यांना दुपारी बोलावलं, सकाळची फेरी आटोपल्यावर, आणि त्यांच्या वेळेचे पैसे शाळेच्या प्रकल्पनिधीतून दिले. अशा भेटींत पाहुण्या म्हणून बोलावून नुसता गुलाब देण्याची पद्धत मला पटत नाही. ज्यांचा दिवस कामावर मोजला जातो त्यांचा तास फुकट घेऊ नये.

ताईंनी भाषण केलं नाही. त्यांनी त्या दिवशीची सुक्याची पिशवी उघडली आणि मुलांसमोर निवडायला बसल्या. पुठ्ठा इकडे, वर्तमानपत्र इकडे, वहीचा पांढरा कागद वेगळा, बाटल्या वेगळ्या, पत्र्याचे डबे वेगळे. हात इतके भराभर चालत होते की लिहून घेणाऱ्या मुलांची तारांबळ उडाली. मध्येच एक ओली वही हातात आली. ती त्यांनी तराजूवर टाकायच्या आविर्भावात उचलली आणि म्हणाल्या, "ही दुकानदार घेत नाही. ओली रद्दी जड लागते म्हणून आधी वजनच धरत नाही."

मग दुधाची पिशवी. ताईंनी दोन पिशव्या दाखवल्या. एकीचा कोपरा कापून वेगळा झालेला, दुसरीला कोपऱ्यावर छोटी चीर दिलेली, पण तुकडा लोंबत असलेला. "या पहिल्या पिशवीचा कोपरा कुठाय?" मुलं पिशवीत शोधायला लागली. "तो नाय सापडणार, बाळांनो. तो मोरीत गेला, गटारात गेला. एवढासा तुकडा कोण उचलणार?" कोपरा पूर्ण कापायचा नाही, चीर द्यायची. आतून पाणी घालून विसळायची, उलटी टांगून वाळवायची. हे त्यांनी करून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून निम्म्या वर्गाच्या घरी दुधाची पिशवी मुलंच कापायला लागली. पुढच्या तक्त्यांत शंकेच्या वस्तूंमध्ये दुधाची पिशवी पुन्हा आली नाही.

एका मुलाने विचारलं, "मावशी, वेफर्सचं वेष्टण कुठे विकतात?" ताईंनी ते हातात घेऊन चुरगाळलं. "याला भंगारवाल्याकडे भाव नाही." वेष्टण चकाकतं ते आतल्या धातूच्या पातळ थरामुळे. त्यात दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते पुन्हा सुटे करणं परवडत नाही. म्हणून ते सुक्यात जातं खरं, पण बाटली आणि पुठ्ठ्यासारखं सहज पुन्हा वापरात येत नाही. मुलांना हे ऐकून वाईट वाटलं. बाईंनी त्यावर लगेच उपाय सुचवला नाही, आणि तेही बरं झालं.

वाढदिवसाची गडबड

नव्या तक्त्याबरोबर वर्गात दोन पेट्या आल्या होत्या, ओला आणि सुका, आणि एक छोटं खोकं: "बाईंना दाखवा". शंका असेल ते खोक्यात. ताई येण्याआधी, पुन्हा एका गुरुवारी, दुसरी मोजणी झाली. नियम सोपा होता. वजन नाही, फक्त सुक्याच्या पेटीतले नग मोजायचे आणि त्यात चुकीचे किती ते वेगळे काढायचे. चुकीचं म्हणजे ओलं, खरकटं, रस शिल्लक असलेलं किंवा हात न लावण्यातलं.

सुक्यात 58 वस्तू निघाल्या आणि 14 चुकीच्या. बाईंनी जमिनीवर रांगा लावायला सांगितल्या, एका बाजूला बरोबर, एका बाजूला चूक. बरोबरची रांग तिप्पट लांब. मुलं खूश. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "पण बाई, आज चॉकलेटं वाटली ना?"

त्या दिवशी वर्गात वाढदिवस होता. सुक्यातले 31 नग एकाच प्रकारच्या चॉकलेटचे कागद होते, रिकामे, कोरडे आणि बरोबर जागी. ते कुणी चुकीच्या पेटीत टाकण्याची शक्यताच जवळपास नव्हती. ते बाजूला काढले तर 27 वस्तू उरल्या आणि त्यात 14 चुकीच्या. निम्म्याहून जास्त. रांगा परत लावल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्या दिसल्या.

ज्यांना असा प्रकल्प करायचा आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. एका दिवसाची मोजणी त्या दिवसाच्या गोष्टींनी सहज फिरते. वाढदिवस, चित्रकलेचा तास, गटसंमेलन, पावसाने ओली झालेली दप्तरं. म्हणून वार एकच ठेवायचा, त्या दिवशी काय वेगळं घडलं ते मोजणीच्या कागदावर वर लिहायचं, आणि एकदम एकाच प्रकारची ढीगभर वस्तू आली तर ती वेगळी दाखवायची. या वर्गात "आज काय होतं?" ही ओळ त्यानंतर प्रत्येक कागदावर आली, तीही त्या मुलाच्या सूचनेवरून.

चुकीच्या 14 वस्तूंवर बाईंनी मुलांना पुन्हा तीन प्रश्न विचारायला लावले. नऊ ठिकाणी उत्तर एकच आलं: वस्तू सुक्यातलीच, पण रिकामी नाही. वेष्टणाच्या तळाशी चुरा, रसाच्या खोक्यात दोन घोट, जॅम लागलेला कागद. म्हणजे मुलांना ओला-सुका ओळखता येत नव्हता असं नाही. ते ओळखून घाईघाईने टाकत होते, कारण मधली सुट्टी संपलेली असायची. यावर आणखी शिकवणं हा उपाय नव्हता. बाईंनी दोन पेट्यांच्या मध्ये एक छोटं टोपलं ठेवलं, त्यात झटकायचं आणि मग सुक्यात टाकायचं. सुट्टीची घंटा झाल्यावर पेट्यांजवळ दोन मुलांना पाच मिनिटं उभं केलं, रखवालदार म्हणून नव्हे, हात मोकळे असलेले मदतनीस म्हणून.

साधारण महिन्याभराने तिसरी मोजणी झाली. सुक्यात 36 वस्तू, 7 चुकीच्या. "आज काय होतं?" या ओळीत लिहिलं होतं: काही नाही. पाचात एक वस्तू अजून चुकीची होतीच, पण सातपैकी चार वस्तू खोक्यात टाकायच्या होत्या आणि मुलांना तसं वाटलंही होतं, ती फक्त खोक्यापर्यंत गेली नाहीत. खोकं फळ्याजवळ होतं, पेट्या दाराजवळ. त्याच दिवशी खोकं दाराजवळ आलं.

पुन्हा वापरात काय आलं

कागदाचं काम सर्वांत सोपं आणि सर्वांत ठोस झालं. एका बाजूने कोरे असलेले कागद वेगळे ठेवायला एक खोकं, त्यावर मुलांनी लिहिलं "पाठकोरे". आठवड्याला जमलेल्या कागदांच्या कच्च्या वह्या शिवल्या, दाभणाने भोकं बाईंनी पाडली, दोरा मुलांनी ओवला. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद आणि पुठ्ठा शुक्रवारी ताईंना. फळांच्या साली आणि पेन्सिलची सालं शाळेमागच्या जाळीच्या टोपलीत, प्रत्येक थरावर मूठभर वाळका पाला. एकदा वास सुटला तेव्हा पाला कमी पडलेला होता, तो वाढवल्यावर दोन दिवसांत गेला. शिजलेलं अन्न टोपलीत घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण शाळेत उंदीर आहेत.

खाण्याच्या 480 ग्रॅममधला मोठा भाग पोळी-भाजीचा होता आणि तो टोपलीत गेला नाही. तो ओल्याच्या गाडीतच गेला. पण तो कमी झाला का हे या प्रकल्पात मोजलं गेलं नाही, कारण वजनाची मोजणी एकदाच झाली. पुढच्या वर्षी शेवटी पुन्हा तोलायचं बाईंनी ठरवलं आहे. वेष्टणांचे नगही कमी झाले असं म्हणता येत नाही. वेगळं करणं शिकलं की कचरा कमी होतो असं आपोआप घडत नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा रस्ता डब्यातल्या खाऊतून, म्हणजे पालकांतून जातो. त्यासाठी पालकसभेत दोन्ही चित्रालेख भिंतीवर लावले गेले, मुलांच्याच अक्षरात, कुणाच्याही घराचं नाव न घालता. घरचे तक्ते सभेत ठेवले नाहीत. ते मुलांनी परत घरी नेले.